इंटिरियरचं बिल वाढलं: वाढीव खर्चाला तुम्ही लेखी ‘हो’ म्हटलं होतं का, हे चॅटमधून कसं तपासायचं

इंटिरियरचं काम संपत आलं की कॉन्ट्रॅक्टरचं फायनल बिल येतं, आणि ते कोटेशनपेक्षा लाख-दीड लाखाने जास्त निघतं. विचारलं की उत्तर येतं, “सर, सगळं तुम्हाला विचारूनच केलंय, व्हॉट्सॲपवर बघा.” मग रात्री बसून सहा महिन्यांचं चॅट वर सरकवायचं, मधे लॅमिनेटचे फोटो, लादीचे नमुने, “कल कारपेंटर नहीं आएगा” असले निरोप, आणि तासाभराने हाती काहीच नाही. हा लेख ते चॅट नीट वाचण्यासाठी आहे.

वाचताना एक फरक सतत डोक्यात ठेवा. काम करायला ‘हो’ म्हणणं वेगळं आणि त्या कामाच्या रकमेला ‘हो’ म्हणणं वेगळं. “वर लॉफ्ट पण करून द्या” यात काम मान्य झालं, पैसे नाहीत. बहुतेक चॅटमध्ये पहिला ‘हो’ भरपूर सापडतो, दुसरा क्वचित. कॉन्ट्रॅक्टर पहिला दाखवून दुसराही मिळाला होता असं म्हणतो. आणि घरमालक दुसरा नाही म्हणून पहिलाही नव्हता असं म्हणतो. दोघांचंही चुकतं.

१. आधी हे जमवा

- तुम्ही मान्य केलेलं मूळ कोटेशन, आणि त्यानंतर आलेली प्रत्येक सुधारित प्रत. फाइलच्या नावावर जाऊ नका. `Final`, `Final_R2`, `Final new` अशा तीन फाइल्स सर्रास असतात. कोणती कधी आली, ती तारीख लिहून ठेवा.
- कामाबद्दलची सगळी चॅट्स: कॉन्ट्रॅक्टरशी वैयक्तिक, घरच्यांचा आणि त्याचा ग्रुप, साइट सुपरवायझर, इलेक्ट्रिशियन, डिझायनर. पती-पत्नी दोघांचे फोन घ्या. निम्मे निर्णय दुसऱ्या फोनवर झालेले असतात.
- बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयचे व्यवहार, तारखेसकट.
- कॉन्ट्रॅक्टरचे ईमेल, असतील तर.
- मेजर टेप. याचं काम पुढे आहे.

२. चॅट बाहेर काढा, पण फोन हाताशी ठेवा

अँड्रॉइडवर चॅट उघडून वरचे तीन ठिपके, मग `More`, मग `Export chat`. आयफोनवर वरच्या नावावर टॅप करून खाली `Export Chat`. ‘मीडियासह’ आणि ‘मीडियाशिवाय’ असे दोन पर्याय येतात. मीडियाशिवायची प्रत शोधायला हलकी पडते, मीडियासहची प्रत आवाजी निरोप आणि पीडीएफसाठी लागते. दोन्ही काढा. मीडियासह काढताना जुने संदेश सुटू शकतात, म्हणून प्रतीचा पहिला संदेश खरोखर कामाच्या सुरुवातीचा आहे ना, ते पाहा.

या टेक्स्ट फाइलमुळे शोधणं आणि क्रम लावणं सोपं होतं. पण तिच्यात दोन गोष्टी हरवतात, आणि नेमक्या त्याच आपल्याला हव्या असतात. एक, कुठल्या संदेशाला ‘रिप्लाय’ करून उत्तर दिलं, ते दिसत नाही. दोन, संदेशावर टाकलेला अंगठा किंवा हार्ट फाइलमध्ये उतरत नाही. हा तुकडा पाहा:

```
21/02/25, 11:02 am - Contractor: PTT-20250221-WA0014.opus (file attached)
21/02/25, 11:05 am - Contractor: IMG-20250221-WA0015.jpg (file attached)
21/02/25, 11:06 am - Contractor: Sir laminate ka yeh shade final?
21/02/25, 11:31 am - Me: Theek aahe
```

पहिल्या ओळीतली `PTT` फाइल म्हणजे आवाजी निरोप. फाइल वाचणारा म्हणेल, “ठीक आहे” हे लॅमिनेटच्या रंगाला आहे. फोनवर तीच जागा उघडली आणि “ठीक आहे”च्या वर आवाजी निरोपाची चौकट दिसली, तर तो होकार त्या निरोपातल्या गोष्टीला आहे. कदाचित वाढीव पैशांनाच. म्हणून नियम असा: शोध फाइलमध्ये, पण निष्कर्ष फोनच्या पडद्यावर. महत्त्वाच्या प्रत्येक जागेचा स्क्रीनशॉट काढा. त्यात आधीचे आणि नंतरचे तीन-चार संदेश, तारीख आणि वरचं नाव दिसलं पाहिजे.

तारखेच्या मांडणीकडेही लक्ष द्या. ती फोनच्या सेटिंगप्रमाणे बदलते. एका फोनच्या फाइलमध्ये `03/04/25` म्हणजे ३ एप्रिल, दुसऱ्याच्या फाइलमध्ये ४ मार्च. दोन फोनची चॅट्स एकत्र लावताना यामुळे सगळा क्रम उलटापालटा होतो. महिन्याच्या १२ तारखेनंतरचा एखादा संदेश शोधला की कोणता आकडा दिवसाचा आणि कोणता महिन्याचा, ते लगेच कळतं.

३. चॅटच्या आधी कोटेशन वाचा

चॅट उघडण्याआधी कोटेशन वाचायचं, कारण प्रत्येक वाढीला नव्या होकाराची गरज नसते. कोटेशनमध्ये प्रत्येक ओळीपुढे पाहा: रक्कम ठोक आहे की दर आहे?

किचन ट्रॉलीच्या ओळीत “१ नग, १,४०,०००” असेल, तर ती ठोक रक्कम. ती वाढवायची तर कॉन्ट्रॅक्टरला तुमचा होकार हवा. पण फॉल्स सीलिंगपुढे “३२० स्क्वेअर फूट, दर १२५” असेल आणि खाली “बिल प्रत्यक्ष मापाप्रमाणे” असं वाक्य असेल, तर क्षेत्र वाढल्यामुळे वाढलेले पैसे तुम्ही कोटेशन मान्य केलं तेव्हाच मान्य केलेत. तिथे चॅटमध्ये ‘हो’ शोधत बसू नका. तिथे टेप लावून माप घ्या.

दुसरं वाक्य शोधा ते वाढीव कामाबद्दलचं: “एक्स्ट्रा काम लेखी मंजुरीशिवाय केलं जाणार नाही” किंवा याच्या उलट, “एक्स्ट्रा काम वेगळं आकारलं जाईल”. पहिलं वाक्य असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम. मात्र आधीची दोन-तीन वाढीव कामं लेखी मंजुरीविनाच झाली आणि तुम्ही त्यांचे पैसेही दिलेत, तर कॉन्ट्रॅक्टर म्हणणारच की ती अट तुम्हीच सोडून दिलीत.

जीएसटीचंही इथेच पाहून घ्या. “कर वेगळे” असं छापलेलं असेल तर बिलातला कर ही वाढ नव्हे. पण कर मागणाऱ्याने जीएसटी क्रमांक असलेलं रीतसर बिल दिलंच पाहिजे. साध्या कागदावर “+१८%” लिहून कर घेता येत नाही.

४. काय शोधायचं

मुंबईत कॉन्ट्रॅक्टरचं चॅट बहुधा रोमन लिपीतल्या हिंदीत असतं, मधे इंग्रजी, आपली उत्तरं मराठीत, आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं. नुसतं ‘बजेट’ शोधलंत तर काही मिळणार नाही. या शब्दांनी शोधा:

```
extra  ekstra  lagega  lagenge  badh  jyada  zyada  vadhel  jast
rate  difference  diff  revised  quotation  adjust  hisab  hishob
000  k  hazar  hajar  lakh  /-
```

`k` शोधल्यावर शेकडो ओळी येतील, तरी तो सोडू नका. “35k me ho jayega” अशा ओळीत ना ‘एक्स्ट्रा’ असतं ना ‘रेट’. `k`च्या आधी आकडा जोडून `5k`, `0k`, `8k` असं शोधलं की गर्दी कमी होते. देवनागरीत लिहिणारं कोणी असेल तर “वाढ”, “जास्त”, “हजार”, “हिशेब” हेही पाहा.

मग तुमच्या बाजूची उत्तरं: `ok`, `theek`, `thik`, `tik hai`, `chalel`, `ho`, `haan`, `kara`, `kar do`, `done`, आणि अंगठा. अंगठा संदेश म्हणून वेगळा पाठवला असेल तर फाइलमध्ये येतो, संदेशावर टाकला असेल तर येत नाही. म्हणून वाढीबद्दलची प्रत्येक ओळ फोनवरही उघडून पाहावीच लागते.

आवाजी निरोप शब्दांनी सापडत नाहीत. ते सगळे ऐकावे लागतात, त्याला पर्याय नाही. प्रत्येकाची तारीख, फाइलचं नाव आणि त्यातलं पैशाचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. वाढीची बातमी कॉन्ट्रॅक्टर लिहून पाठवण्यापेक्षा बोलून पाठवतो, असंच जास्त वेळा आढळतं.

५. प्रत्येक वाढीला चार प्रश्न

सापडलेली प्रत्येक जागा या चार प्रश्नांतून काढा.

*कोणतं काम?* “थोडा एक्स्ट्रा लगेगा” यात काम नाही. कोणत्या खोलीतलं, काय, कशाऐवजी काय, हे संदेशातून कळलं पाहिजे.

*किती पैसे?* आकडा किंवा दर हवा. “पंधरा-वीस” म्हटलं असेल तर फार तर वीस. त्यावर बत्तीसचं बिल बसत नाही.

*होकार कोणाचा आणि बिनशर्त का?* भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे स्वीकार निर्भेळ आणि बिनशर्त असावा लागतो. “ठीक आहे, पण वीसमध्ये बसवा” हा स्वीकार नाही, तो तुमचा उलट प्रस्ताव आहे. त्यावर कॉन्ट्रॅक्टर काय म्हणाला ते पुढे वाचा. “बघू”, “सांगतो”, “शेवटी हिशेबात घेऊ” हेही होकार नाहीत. निळ्या टिकांनी संदेश वाचला एवढंच कळतं, मान्य केला हे कळत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी ‘हो’ म्हटलं असेल, आणि तीच व्यक्ती आधीपासून निर्णय घेत आली असेल, तर मात्र “माझी परवानगी नव्हती” ही सबब टिकायला अवघड. सुपरवायझरने तुम्हाला आकडा सांगितला असेल तर तेच तत्त्व उलट बाजूने लागू होतं.

*कधी?* काम होण्याआधी विचारलं की काम उरकल्यावर कळवलं? झालेल्या कामाचा आकडा नंतर कळवणं म्हणजे मागणी, मंजुरी नव्हे. साइटचे रोजचे फोटो इथे फार उपयोगी पडतात. लॉफ्टचा फोटो १८ तारखेचा आणि त्याच्या किमतीचा संदेश २६ तारखेचा असेल, तर आणखी काही सांगायची गरज उरत नाही.

व्हॉट्सॲपवरचा होकार म्हणजे “सही नाही, म्हणून करार नाही” असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चं कलम १०अ स्पष्ट सांगतं की निव्वळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार बाद होत नाही. तुमचं “चालेल” तुम्हालाही बांधतं.

६. एक हिशेब पूर्ण करून पाहू

समजा मुलुंडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट. मूळ कोटेशन ८,६०,००० रुपये. हप्ते असे: कामाआधी ३० टक्के, सुतारकामाचे सांगाडे उभे राहिल्यावर ३० टक्के, रंगकाम सुरू होताना ३० टक्के, ताबा देताना १० टक्के. फायनल बिल १०,१८,२५० रुपये. म्हणजे वाढ १,५८,२५० रुपयांची, पाच ओळींत.

*किचनचं प्लाय: ३८,०००.* कॉन्ट्रॅक्टरचा संदेश: `Kitchen MR ki jagah BWP ply me 38000 extra lagega, karu?` उत्तर: `Ho, BWP ch kara`. काम आहे, रक्कम आहे, होकार बिनशर्त आहे, आणि तो प्लाय साइटवर येण्याआधीचा आहे. चारही प्रश्न सुटले. ही रक्कम पूर्ण मान्य. एमआर म्हणजे फक्त दमट हवा सोसणारं प्लाय, बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं. बीडब्ल्यूपीवर आयएस ७१० चा शिक्का असतो. आतल्या बाजूला तो दिसतो का ते पाहून घ्या, पण तो दर्जाचा मुद्दा, मंजुरीचा नाही.

*बेडरूममधला लॉफ्ट: ३६,०००.* चॅटमध्ये तुमचाच संदेश आहे, `wardrobe chya var loft pan karun dya`, आणि त्याचं `ho jayega sir`. किमतीचा शब्द दोन्हीकडून नाही. इथे “किंमत ठरली नव्हती, सबब पैसे देणार नाही” असं म्हणता येत नाही. काम तुम्ही सांगितलंत, त्याने ते फुकट करायचं म्हणून केलेलं नाही, आणि तुम्ही ते वापरताय. करार अधिनियमाचं कलम ७० अशा वेळी मोबदला द्यायला लावतं. प्रश्न फक्त किती, एवढाच. त्यासाठी सगळ्यात जवळचा आधार त्याचंच कोटेशन. वॉर्डरोबचा दर १,५०० रुपये स्क्वेअर फूट, समोरच्या बाजूच्या मापाने. लॉफ्टची रुंदी ८ फूट, उंची २ फूट, म्हणजे १६ स्क्वेअर फूट. होतात २४,०००. उरलेल्या १२,०००ला चॅटमध्ये आधार नाही.

*फॉल्स सीलिंग: ११,२५० जास्त.* कोटेशनमध्ये ३२० स्क्वेअर फूट होतं, बिलात ४१० आहे, दर तोच १२५. प्रत्यक्ष मापाची अट आहे, त्यामुळे होकार शोधायचा नाही, टेप काढायची. खोलीनिहाय लांबी-रुंदी घेऊन बेरीज ३७२ आली. म्हणजे ५२ स्क्वेअर फुटांची वाढ खरी, ६,५०० रुपये. बाकी ४,७५० मापात जास्त धरलेले. माप घेताना बीमची उभी बाजू आणि पडद्यामागचा खळगा धरायचा की नाही यावर वाद होतो. कोटेशनमध्ये काय लिहिलंय ते पाहा, आणि शक्य असेल तर त्याच्या माणसाला बरोबर घेऊनच मोजा.

*इलेक्ट्रिकचे जादा पॉइंट: ३१,०००.* हेच ते वरचं २१ फेब्रुवारीचं चॅट. आवाजी निरोपात तो म्हणतो, “सर, पॉइंट बढ़ गए हैं, पंद्रह-बीस हज़ार ऊपर जाएगा.” फोनवर पाहिलं तर “ठीक आहे” हे त्या निरोपालाच दिलेलं उत्तर आहे. मान्य करायला जड जातं, पण हा होकार खरा आहे. मात्र तो वीस हजारांपर्यंतच. कोटेशनमध्ये पॉइंटचा दर १,१०० आहे. भिंतीवरचे पॉइंट मोजून कोटेशनशी ताडले तर जादा निघाले १५, म्हणजे १६,५००. ही रक्कम त्याने सांगितलेल्या पट्ट्यातही बसते. १४,५०० उरतात ते निराधार.

*“मार्केट रेट वाढला”: ४२,०००.* ३ मार्चला त्याने सुधारित कोटेशनची पीडीएफ पाठवली. एकूण ९,४०,०००, ज्यात किचनचे ३८,००० आणि ही ४२,०००ची दरवाढ. तुम्ही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी हप्ता भरलात. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं, “रिवाइज्ड भेजा, आपने पेमेंट किया, मतलब ओके.”

या मुद्द्यावर घरमालक हमखास गडबडतात, म्हणून जरा थांबून पाहू. गप्प राहणं म्हणजे मान्यता नाही, पण गप्प राहून नव्या अटीप्रमाणे वागणं हे मान्यतेसारखं दिसू शकतं. करार अधिनियमाच्या कलम ८ मध्ये कृतीतून स्वीकार होण्याची तरतूद आहेच. मग पैसे कोणत्या अटीप्रमाणे भरले, हे शोधायचं. भरलेल्या रकमेतच त्याचं उत्तर असतं. मूळ ८,६०,०००चे ३० टक्के २,५८,०००. सुधारित ९,४०,०००चे ३० टक्के २,८२,०००. बँक स्टेटमेंटमध्ये ४ मार्चला गेलेली रक्कम २,५८,०००. म्हणजे हप्ता मूळ कोटेशनप्रमाणे भरला गेला, नव्या पीडीएफप्रमाणे नाही. तोच आकडा २,८२,००० असता, तर ४२,०००चा वाद इथेच जवळजवळ हरल्यात जमा होता. यूपीआय किंवा एनईएफटी करताना शेऱ्यात काय लिहिलंय तेही पाहा. `2nd instalment` आणि `revised 2nd` यांचा अर्थ एक होत नाही.

या हिशेबात दरवाढीच्या ४२,०००ला ना होकार आहे ना कृती. ती रक्कम बाजूला.

७. कमी झालेलं काम शोधा

कॉन्ट्रॅक्टर वाढ कळवतो, घट कळवत नाही. म्हणून दुसरा शोध उलटा घ्या: `nako`, `cancel`, `nahi karaycha`, `rehne do`, `apan gheu`, `ready gheto`. याच उदाहरणात जानेवारीत संदेश आहे, `Devghar nako, aamhi tayar gheto`, त्यावर `Ok madam`. मूळ कोटेशनमध्ये देवघराचे २२,००० होते आणि फायनल बिलात ते तसेच मोजलेले आहेत. हे वजा झाले पाहिजेत. वस्तू बदलली तिथेही पाहा. ॲक्रिलिकच्या जागी लॅमिनेट शटर बसले असतील तर फरक तुमच्या बाजूने असतो.

आता बेरीज. आधार असलेली वाढ: ३८,००० + २४,००० + ६,५०० + १६,५०० = ८५,०००. देवघर वजा केल्यावर ६३,०००. चॅट आणि मापाच्या आधारावर बिल होतं ९,२३,०००. तीन हप्त्यांत ७,७४,००० दिलेत, बाकी १,४९,०००. कॉन्ट्रॅक्टर मागतोय २,४४,२५०. वाद आहे तो मधल्या ९५,२५० रुपयांवर. सुरुवातीला दीड लाखाचा वाटणारा वाद एवढ्यावर येतो, आणि त्यातली प्रत्येक ओळ दाखवता येते.

८. फोनवर ठरलं असेल तर

तोंडी होकारही कायद्याने होकारच असतो. तो सिद्ध करणं अवघड, एवढंच. म्हणून चॅटमध्ये लेखी मंजुरी नाही याचा अर्थ मंजुरीच नव्हती असा घेऊन बोलणं सुरू करू नका. त्याऐवजी कॉलच्या आसपासचे संदेश वाचा. चॅटमध्ये व्हॉट्सॲप कॉलच्या नोंदी दिसतात. त्यानंतर पाच-दहा मिनिटांत `jaise baat hui`, `phone var bolalo tase` असा संदेश आहे का? त्यात आकडा आहे का? आकड्याशिवायचा असा संदेश दोघांनाही फारसा कामाचा नाही. आकडा असेल आणि तुम्ही हरकत घेतलेली नसेल, तर ती नोंद तुमच्या विरुद्ध जाऊ शकते. ती आपल्या तक्त्यातून गाळू नका. समोरच्याकडे तेच चॅट आहे.

`This message was deleted` अशा ओळीही टिपून ठेवा, विशेषतः त्या पैशाच्या बोलण्याच्या मधोमध असतील तर. संदेश पाठवल्यापासून १५ मिनिटांत बदलता येतो, आणि बदललेल्यावर तशी खूण राहते. आकडा असलेल्या संदेशावर ती खूण दिसली तर तुम्ही उत्तर दिलं ते बदलाआधी की नंतर, हे वेळेवरून पाहा.

९. तक्ता करून लेखी पाठवा

सहा रकाने पुरे: काम, बिलातली रक्कम, संदेशाची तारीख-वेळ, होकाराचे नेमके शब्द, मान्य रक्कम, शेरा. शब्द तुमच्या भाषेत सांगू नका, चॅटमधले जसेच्या तसे घाला. “त्यांनी मान्य केलं नव्हतं” यापेक्षा “३ मार्च, पीडीएफ, उत्तर नाही, ४ मार्च, २,५८,००० भरले” हे जास्त बोलतं.

पाठवताना असं लिहा:

“नमस्कार. फायनल बिल कोटेशन आणि आपल्या चॅटशी ताडून पाहिलं. किचन, लॉफ्ट, सीलिंग आणि इलेक्ट्रिकची मिळून ८५,०००ची वाढ मला मान्य आहे, हिशेब सोबत जोडला आहे. देवघराचे २२,००० वजा होतात. उरलेल्या रकमांसाठी माझ्या होकाराचा संदेश तुमच्याकडे असेल तर तारखेसह पाठवा, मी पुन्हा पाहीन. शनिवारी साइटवर एकत्र माप घेऊ.”

जे देणं लागतं ते मान्य करून सुरुवात केली की माणूस तक्ता वाचतो. बऱ्याचदा तो फोन करेल आणि मधला आकडा सांगेल. मधल्या आकड्यावर जमलं तर जमवा, पण फोन ठेवल्याबरोबर तो आकडा “पूर्ण आणि अंतिम” या शब्दांसह चॅटवर लिहा आणि त्याचा होकार घ्या. पैसे त्यानंतर. नाहीतर हँडल आणि हिंजेसचं वेगळं बिल महिनाभराने येतं.

१०. प्रकरण पुढे जाणार असेल तर

चॅटमधलं काहीही पुसू नका, अगदी तुम्हाला अडचणीचं असलं तरी. `Disappearing messages` चालू असेल तर आत्ता बंद करा. ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी संदेश नाहीसे करतं आणि गेलेले संदेश परत येत नाहीत. काढलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये खुणा करायच्या असतील तर प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. आणि फोन बदलायचा विचार असेल तर तो पुढे ढकला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे चॅटच्या छापील प्रती किंवा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून दाखल करताना सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्यासाठी तिच्यावरून काढलेला सांकेतिक आकडा, नोंदवायचं असतं. हे काम वकिलामार्फत करून घ्या.

ग्राहक म्हणून तक्रार करायची असेल तर ती कारण घडल्यापासून २ वर्षांत करावी लागते, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मुळे ती तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. थकलेल्या बिलासाठी कॉन्ट्रॅक्टरला दिवाणी दावा लावायला साधारण ३ वर्षं मिळतात. म्हणजे वाद मिटल्यासारखा वाटला तरी चॅट, बँक स्टेटमेंट आणि मापाचा कागद तेवढा काळ एकाच फोल्डरमध्ये राहू द्या.